अ‍ॅप म्हणतं ४६ अंश, मग मधलेच सेल का मरतात?

या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक गाडीचे, एकाच घडणीचे तीन बॅटरी पॅक माझ्या टेबलावर आले. तिघांची तक्रार एकच होती: चार्ज पूर्ण होतो, सपाट रस्त्यावर गाडी नीट चालते, पण चढ लागला की दहा मिनिटांत मरते. पॅक ४८ व्होल्टचे, १८६५० सेलचे, मालिकेत तेरा गट आणि प्रत्येक गटात सहा सेल. गटागटाची क्षमता तपासली तर तिन्हींत चित्र जवळजवळ सारखं निघालं. पहिले दोन आणि शेवटचे दोन गट ठणठणीत, पाच ते नऊ बसलेले. सेल एकाच लॉटचे, एकाच दिवशी वेल्ड केलेले. खराब सेल आले असते तर ते कुठेही विखुरले असते, नेमके मध्यभागी रांगेने बसले नसते.

तिसरा पॅक ज्याचा, तो मुलगा भांडुप पश्चिमेला डोंगरउतारावरच्या वस्त्यांत पाण्याचे जार पोचवतो. एका खेपेला वीस लिटरचे तीन-चार जार आणि सरळ चढ. मी उष्णतेचं नाव काढताच त्याने फोन पुढे केला. ‘काका, छेचाळीसच्या वर कधी गेलंच नाही. हे बघा, स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. शेजारच्या गॅरेजवाल्याने तापमानाची गन मारून पण बघितलं, डब्यावर अडतीस.’

स्क्रीनशॉट खरे होते आणि गनचा आकडाही त्याच्या परीने खरा होता. प्रश्न एवढाच की हे दोन्ही आकडे सेलच्या पोटातले नव्हते, आणि मधल्या सेलचे तर मुळीच नव्हते. हा घोळ इतक्या वेळा समोर येतो की एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आधी सेन्सर खोटं बोलतोय का ते बघा

कमी आकडा दिसला की दोन शक्यता असतात. एक, सेन्सर स्वतःच चुकीचं सांगतोय. दोन, सेन्सर खरं सांगतोय, पण चुकीच्या जागेचं. दोघांचे उपाय वेगळे, म्हणून पहिली शक्यता आधी निकालात काढायची.

अ‍ॅपमध्ये कोणता आकडा बघताय ते पाहा. `MOS` लिहिलेला आकडा बीएमएसच्या, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवून गरज पडली की प्रवाह तोडणाऱ्या सर्किटच्या, पाटीवरच्या मॉसफेटचा असतो, सेलचा नाही. सेलसाठी `T1`, `T2` बघायचे. हे सांगण्यासारखं वाटत नाही, पण निम्म्या फोनकॉलमध्ये इथेच गल्लत असते.

मग पॅक रात्रभर तसाच ठेवून सकाळी `T1` खोलीच्या तापमानाशी ताडून बघतात. ही चाचणी करा, पण तिच्यावर विसंबू नका, आणि मुंबईत तर नाहीच. तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, आणि तो बहुधा २५ अंशांना दहा किलोओहमचा असतो. गरम झाल्यावर त्याचा रोध किती घसरतो ते त्याच्या बी-स्थिरांकावर ठरतं. बाजारात `B3950` आणि `B3435` हे दोन्ही मिळतात, दिसायला अगदी सारखे. बीएमएसला ३९५० अपेक्षित असताना कोणी ३४३५ चा लावला, तर २५ अंशांना दोघांचा रोध एकच. आपल्याकडच्या ३० अंशांच्या सकाळी चूक एका अंशाहूनही कमी दिसते. सगळं ठीक आहे असं वाटतं. पण ६० अंशांना काय होतं बघा:

```
60°C ला रोध:
B3950 → 2486 Ω
B3435 → 2981 Ω
2981 Ω ला B3950 समजणारा BMS दाखवतो: 55 °C
```

म्हणजे खऱ्या साठ अंशांना तो पंचावन्न सांगतो आणि जसजसं तापेल तसतशी चूक वाढत जाते. त्यामुळे चाचणी गरम पाण्यातच करायची. थर्मिस्टरचा मणी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ६० अंशांच्या पाण्यात धरा, बाजूला भरवशाचा थर्मामीटर धरा आणि दोन मिनिटं थांबा. लॅमिंग्टन रोडवरून दहा-दहाच्या पाकिटात आणलेले थर्मिस्टर मी लावण्याआधी असेच तपासतो, कारण पाकिटावर लिहिलेलं आणि आतलं एकच असेल याची खात्री नसते. या पॅकचा मणी मात्र चोख निघाला. पाण्यात ६०, अ‍ॅपमध्ये ५९.५.

म्हणजे सेन्सर खरं सांगत होता, फक्त चुकीच्या जागेचं. मग झाकण उघडलं.

मणी पहिल्या गटाच्या बाहेरच्या अंगाला होता. बीएमएस त्याच टोकाला बसवलेला आणि सेन्सरची तार जेमतेम पंधरा सेंटिमीटर, म्हणून तार पोचली तिथे मणी चिकटवला. सेलवर नाही, तर सेलवर गुंडाळलेल्या फिशपेपरवर, म्हणजे वीज अडवणाऱ्या जाड कागदावर. फिशपेपरही दोन पदरी, वर टेपचा एक फेर, आणि त्या टेपला जवळजवळ टेकलेली अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याची भिंत. मी बोटाने टेप दाबला तर खाली मणी हलला, म्हणजे तो फिशपेपरलाही धड चिकटलेला नव्हता.

टेबलावर चढ

डोंगर टेबलावर आणायचा तर चाळीस अँपियरचा भार लागतो. माझ्याकडे नायक्रोमची जाड तार आहे, साधारण १.२ ओहमची. ती पाण्याच्या बादलीत सोडली की ४८ व्होल्टला चाळीसच्या आसपास अँपियर ओढते. व्होल्टेज खाली येतो तसा प्रवाहही थोडा उतरतो, पण या कामाला चालतं. पंधरा लिटरची बादली आठ मिनिटांत कोमट होते, तार वितळत नाही.

मोजायला बारीक तारेचे के प्रकारचे दोन थर्मोकपल घेतले. एक सातव्या गटात, अगदी मध्यावरच्या सेलच्या अंगावर, होल्डरमधल्या फटीतून खाली सेलच्या अर्ध्या उंचीपर्यंत सरकवला. दुसरा पहिल्या गटात, मणी होता त्याच सेलवर, पण फिशपेपरच्या आत, थेट सेलच्या कातडीला. इथे एक धोका आहे. सेलचं कवच म्हणजे त्याचं ऋण टोक, आणि पहिल्या व सातव्या गटांच्या कवचांत वीसेक व्होल्टचा फरक असतो. दोन वाहिन्यांचे पुष्कळ मीटर आतून एकाच जमिनीला जोडलेले असतात. दोन उघडे थर्मोकपल दोन गटांना टेकले तर मीटरमधूनच शॉर्ट होतो. म्हणून थर्मोकपलच्या टोकावर कॅप्टॉन टेपचा एक पदर हवाच, आणि तो फाटलेला नाही हे आधी बघायचं. मी तर दोन स्वतंत्र, बॅटरीवर चालणारे मीटर वापरतो.

सुरुवातीला सगळीकडे ३१ अंश. आठ मिनिटं भार दिल्यावर, भार काढायच्या क्षणी असं दिसलं:

अ‍ॅपमधला `T1`: ४६. त्याच सेलची कातडी: ५४. मध्यावरचा सेल: ५९. डब्याची भिंत: ३६.

एकाच पॅकमध्ये एकाच क्षणी चार खरे आकडे. मुलगा शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही, फक्त फोन खिशात ठेवला.

पण खरी गंमत भार काढल्यानंतर आहे. भार थांबला की सेलमध्ये नवी उष्णता तयार होणं त्याच क्षणी थांबतं. मध्यावरचा आकडा तिथेच थबकला आणि हळूहळू उतरू लागला. `T1` मात्र चढतच राहिला. ४७, ४८, आणि सहाव्या मिनिटाला ५०. पॅक न उघडता घरबसल्या करता येण्यासारखी ही सगळ्यात चांगली चाचणी आहे. जोराचा चढ चढून आल्यावर गाडी बंद न करता उभी करा आणि अ‍ॅपकडे बघत राहा. आकडा लगेच उतरू लागला किंवा एखाद्या अंशाने चढून थांबला, तर सेन्सर बरा बसलाय. तीन-चार अंशांनी चढत राहिला, तर समजा की तो मागून धावतोय आणि तुम्ही चढावर असताना दिसलेला आकडा शिळा होता.

तेरा अंश कुठे गेले

५९ आणि ४६ यांच्यातल्या तेरा अंशांचे तुकडे पाडून बघू, कारण प्रत्येक तुकड्याचं कारण वेगळं आहे.

आधी उष्णता किती तयार होते ते पाहू. चाळीस अँपियर सहा सेलांत वाटले की प्रत्येकी ६.७ येतात. सेलचा अंतर्गत रोध मी भार लावून काढला: दहा सेकंदांत गटाचा व्होल्टेज ०.४ ने घसरला, म्हणजे गटाचे १० मिलिओहम आणि सेलचे ६०. एक किलोहर्ट्झवाल्या हातातल्या मीटरने मोजला असता तर याच्या निम्मा दिसला असता, आणि पुष्कळजण तोच आकडा धरून उष्णताही निम्मी काढतात. ती चूक करू नका. भाराखाली सेल डीसी रोधानेच तापतो.

```
Q = I² × R = 6.7² × 0.060 ≈ 2.7 W (एका सेलमागे)
एका सेलची उष्णताधारकता ≈ 45 J/°C
चढ = 2.7 / 45 = 0.06 °C/s ≈ 3.6 °C/मिनिट
```

आठ मिनिटांत सुमारे २९ अंश. ३१ मध्ये ते मिळवले की ६० होतात, आणि मध्यावर आम्हाला मिळाले ५९. म्हणजे मध्यावरच्या सेलमधून आठ मिनिटांत जवळजवळ काहीच उष्णता बाहेर पडली नाही. जाणार तरी कुठे? चारही बाजूंना त्याच्याइतकेच तापलेले शेजारी. गर्दीच्या लोकलमध्ये मधोमध उभा असलेल्याला खिडकीतल्या वाऱ्याचा काय उपयोग.

टोकाच्या सेलला मात्र एक अंग डब्याकडे मोकळं. तो २३ अंशच चढला. हा पहिला तुकडा: पाच अंश, कारण सेन्सर पॅकच्या थंड टोकाला आहे.

दुसरा तुकडा सेलची कातडी आणि मणी यांच्यातला, म्हणजे ५४ वरून ४६. हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सहज दुरुस्त होणारा. मण्याच्या एका बाजूला ५४ अंशांची कातडी, दुसऱ्या बाजूला ३६ अंशांची भिंत. आतल्या बाजूने फिशपेपरचे दोन पदर आणि हवेची फट, बाहेरच्या बाजूने एक टेप. दोन रोधांमध्ये मधल्या बिंदूवर जसा व्होल्टेज विभागला जातो, अगदी तसंच इथे तापमान विभागलं जातं. मणी दोघांच्या मध्ये कुठेतरी स्थिरावणार. किती वर, ते आतला रोध बाहेरच्या रोधाच्या मानाने किती लहान आहे त्यावर ठरतं. त्यात सेन्सरच्या तांब्याच्या तारा थेट बीएमएसच्या गार पाटीकडे जातात आणि मण्यातली थोडी उष्णता ओढून नेतात.

त्यातच उशीर मिसळलेला आहे. मणी आणि त्याच्याभोवतीचा कागद तापायला वेळ लागतो. कातडी मिनिटाला सुमारे तीन अंशांनी चढत असेल आणि मणी मिनिटभर मागे असेल, तर चढ चालू असेपर्यंत तो तीन अंश कमीच दाखवत राहणार. भार जितका जोराचा तितकी ही चूक मोठी. म्हणून हलक्या भाराला सेन्सर बरोबर वाटतो आणि नेमका गरजेच्या वेळी फसवतो. आठातले तीनेक अंश उशिराचे आणि बाकीचे पाच विभागणीचे, असा माझा अंदाज. भार थांबल्यावर मणी चार अंश चढला त्याच्याशी हे जुळतं, कारण त्या चारात आतून बाहेर सरकणाऱ्या उष्णतेचाही थोडा वाटा असतो.

तिसरा तुकडा या सगळ्याच्या पलीकडचा, म्हणजे सेलचा गाभा आणि त्याची कातडी यांच्यातला. सेलमध्ये तांब्याचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्यावरचे लेप आणि मधला प्लॅस्टिकचा पडदा यांची घट्ट सुरळी असते. सुरळीच्या लांबीने उष्णता पत्र्यातून सरळ पळते, पण गाभ्याकडून कातडीकडे यायला तिला प्रत्येक फेऱ्यातला पडदा आणि लेप ओलांडावे लागतात. त्यामुळे आडव्या दिशेने सेल उष्णतेचा वाईट वाहक आहे. हिशोबाला मी आडवी वाहकता ०.५ धरतो. मोजणाऱ्यांचे आकडे ०.२ ते १ च्या दरम्यान फिरतात. लांबीच्या दिशेने ती वीस-तीस असते.

इथे एक समजूत सुधारायला हवी. बरेचजण ‘गाभा कातडीपेक्षा दहा-बारा अंश गरम असतो’ असं ठोकून देतात. गाभा आणि कातडी यांच्यातला फरक किती उष्णता *तयार* होते त्यावर नाही, तर किती उष्णता कातडीतून *बाहेर जाते* त्यावर ठरतो:

```
ΔT = Qबाहेर / (4 × π × k × L)
1.0 / (4 × 3.14 × 0.5 × 0.065) ≈ 2.5 °C
2.7 / (4 × 3.14 × 0.5 × 0.065) ≈ 6.6 °C
```

टोकाच्या सेलमधून शेवटच्या मिनिटाला फार तर एक वॅट बाहेर जात असेल, म्हणजे त्याचा गाभा ५४ ऐवजी ५६-५७. मधल्या सेलमधून काहीच बाहेर जात नाही, त्यामुळे त्याचा गाभा आणि कातडी जवळजवळ सारखीच, दोन्ही ५९-६०. साडेसहा अंशांचा फरक दिसायला सगळीच्या सगळी उष्णता कातडीतून खेचावी लागते, म्हणजे जोराचा पंखा किंवा पाण्याची थंड पाटी हवी. गार केलेल्या पॅकमध्येच कातडीवरचा सेन्सर गाभ्याबद्दल जास्त फसवतो, हे पहिल्यांदा ऐकून उलटं वाटतं. आपल्या बंद डब्यातल्या पॅकमध्ये मोठा गुन्हेगार सेलचा गाभा नाही, पॅकचा गाभा आहे.

म्हणूनच डेटाशीटमधल्या ६० अंशांतून ‘गाभ्यासाठी’ म्हणून आणखी दहा वजा करायची घाई करू नका. पुष्कळ डेटाशीटमध्ये ही मर्यादा सेलच्या कातडीची असते, गाभ्याचा फरक बनवणाऱ्याने आधीच धरलेला असतो. तुम्हाला वजा करायचं आहे ते सर्वात गरम सेलची कातडी आणि तुमचा मणी यांच्यातलं अंतर.

गॅरेजवाल्याची गन राहिली. अवरक्त गन चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर मारली तर ती धातूपेक्षा त्यात पडलेलं खोलीचं प्रतिबिंबच जास्त मोजते. डब्यावर मोजायचंच असेल तर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मारा. तरीही तो आकडा डब्याचाच.

मधले सेल मेले कसे

एकोणसाठ अंश काही जीवघेणे नाहीत. एकदा-दोनदा गेले तर सेलला फारसं काही होत नाही. घोटाळा दोन ठिकाणी होता.

पहिला कट-ऑफमध्ये. बीएमएसमध्ये डिस्चार्ज तोडायची मर्यादा ६५ अंश ठेवलेली. मणी १५ अंश चढतो तेव्हा मध्य २८ चढतो, हे आपण पाहिलं. त्याच प्रमाणाने मणी ३१ वरून ६५ ला पोचेपर्यंत मध्य नव्वदीच्या पार गेलेला असेल. त्याआधीच पॅक रिकामा होणार. म्हणजे ही संरक्षणाची तार कधी तुटणारच नव्हती. आणि तेवढं तापण्याआधीच, ८०-९० अंशांच्या पुढे, ऋण पत्र्यावरचा संरक्षक थर विघटित होऊ लागतो आणि सेल स्वतःच उष्णता तयार करायला लागतो.

दुसरा घोटाळा चार्जिंगचा, आणि माझ्या मते या तिन्ही पॅकना त्यानेच मारलं. दुपारची शेवटची खेप झाली की मुलगा घरी येऊन जेवायच्या आधी चार्जर लावायचा. या सेलची चार्जिंगची मर्यादा ४५ अंश. मी टेबलावर भार थांबवून वाट बघितली. मणी पन्नासला जाऊन परत उतरत ४४ ला आला तेव्हा मध्य अजून ५३ होता. बीएमएसने चार्जिंगला परवानगी दिली असती. रोज दुपारी टोकाचे गट मर्यादेच्या आत चार्ज होत होते आणि मधले गट आठ-नऊ अंश मर्यादेबाहेर. एकाच डब्यात दोन वेगळे उन्हाळे. पाच ते नऊ गट रांगेने बसण्याचा हिशोब इथे लागतो.

दुरुस्ती

मधले गट बदलणं वेगळं काम, त्यात जात नाही. सेन्सरचं एवढं केलं.

मणी सातव्या गटात नेला. तार लांबवली, सांधे डाख लावून त्यावर आकसणारी नळी चढवली. होल्डरच्या चौकटीत चार सेलांच्या मध्ये बोट न शिरणारी, पण मणी सहज शिरेल अशी फट असते. मण्यावर कॅप्टॉनचा एकच पदर देऊन तो त्या फटीतून सेलच्या अर्ध्या उंचीपर्यंत सोडला आणि एका सेलच्या अंगाला उष्णतावाहक सिलिकोनने चिकटवला. एकाच पदराचं कारण असं की सेलवरची रंगीत पन्नी घासून फाटली तरी शॉर्ट होऊ नये इतपत आड हवी, पण उष्णता अडेल इतकी जाड नको. सिलिकोन घेताना वास बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास असेल तर ते पॅकमध्ये वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं आणि निकेल खातं. हॉट ग्लू तर नकोच. पॅक तापतो तेव्हाच तो मऊ पडून सुटतो.

मण्याजवळची तीन-चार सेंटिमीटर तार त्याच सेलच्या अंगाने खाली नेऊन मग वर वळवली. तारही सेलइतकीच गरम राहिली की मण्यातून उष्णता ओढत नाही. मण्याच्या मागे फोमचा छोटा तुकडा बसवला. विभागणीच्या भाषेत सांगायचं तर आतला रोध लहान केला, बाहेरचा मोठा केला. मण्यामागून भिंतीकडची वाट बंद झाली की तो कातडीच्याच बाजूने बोलणार.

काही लोक मणी निकेलच्या पट्टीवर चिकटवतात, सेलच्या टोकाशी, कारण लांबीच्या दिशेने उष्णता सहज येते. कल्पना बरोबर आहे, पण पट्टी पातळ असेल तर ती स्वतःच प्रवाहाने तापते आणि मग तुम्ही पट्टीचं तापमान मोजता. शिवाय तिथे फिशपेपरचा अडथळा नसल्याने शॉर्टची भीती जास्त. मी टाळतो.

बीएमएसला दुसरा सेन्सर जोडायची सोय होती. जुना मणी टोकालाच ठेवला, फक्त फिशपेपरच्या आत. दोन आकडे हाती असले की मध्य आणि टोक यांच्यातला फरक चालत्या गाडीत दिसतो. हा फरक महिन्यामहिन्याला त्याच चढावर वाढत चालला तर मधल्या सेलचा रोध वाढतोय, हे क्षमता बसायच्या आधी कळतं.

मग सेटिंग: डिस्चार्जला इशारा ५५, तोड ६०, परत जोडणी ५०. चार्जिंगची तोड ४५ तशीच, आता ती दोन्ही सेन्सरपैकी जास्त गरम असलेल्यावर लागू. परत जोडणीचा आकडा तोडीच्या फार जवळ ठेवू नका, नाहीतर चढावर गाडी बंद-चालू, बंद-चालू करत राहील.

परत तीच बादली, तेच चाळीस अँपियर, तीच आठ मिनिटं. मध्यावर थर्मोकपल ५८, नवा `T2` ५७. भार काढल्यावर तो अर्धा अंश चढला आणि उतरू लागला. उरलेला एक अंश उशिराचा आणि टेपचा, त्याच्यामागे मी लागलो नाही.

चार दिवसांनी मुलाचा फोन आला, आवाजात तक्रार. ‘काका, तुम्ही हात लावल्यापासून पॅक गरम व्हायला लागलाय. आधी छेचाळीस असायचं, आता सत्तावन्न दाखवतो. आणि काल वर पोचल्यावर पिवळी खूण आली.’

म्हटलं, आधीही सत्तावन्नच होतं, तुला कोणी सांगत नव्हतं. पिवळं आलं की जार उतरवेपर्यंत गाडी सावलीत लाव, आणि चार्जर जेवणाआधी नको, जेवणानंतर. तरी पॅक लगेच चार्ज घेणार नाही, लाल खूण जाईपर्यंत थांब.

‘जेवण झाल्यावर झोपतो मी,’ तो म्हणाला. मग झोपायच्या आधी लाव म्हटलं.